ऑगस्टच्या स्लिपवरचे २,४०० रुपये

प्रश्न: काका, मी इंदूरला विजयनगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत १ जुलैला लागले. ही माझी पहिलीच नोकरी. ऑफर लेटरवर वर्षाला ४ लाख ८० हजार लिहिलं होतं, म्हणजे महिन्याला ४०,००० येतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. ऑगस्टचे हातात आले ३४,०३०. स्लिपवर पीएफ २,४०० आहे, पण ऑफर लेटरमध्येही पीएफ २,४०० लिहिलाय. मग तो दोनदा कापला का? प्रोफेशनल टॅक्स २०८ आहे, पुण्याच्या मावसभावाचा २०० कापतात. टीडीएस शून्य आहे, ते बरोबर आहे की पुढे एकदम कापतील?

उत्तर:

पीएफ दोनदाच गेला आहे, आणि तो तसाच जायला हवा. एकदा तुझ्या पगारातून आणि एकदा कंपनीकडून. घोटाळा असा होतो की कंपनीचा हिस्साही ऑफर लेटरमधल्या ४ लाख ८० हजारांतच मोजलेला असतो, आणि स्लिपवर तो बहुतेक दिसतच नाही. तू ऑफर लेटरचं शेवटचं पान पाठवलंस म्हणून मला पूर्ण हिशेब मांडता आला. महिन्याचे ४०,००० असे फुटतात: बेसिक २०,०००, एचआरए ८,०००, स्पेशल अलाउन्स ८,६३८, कंपनीचा पीएफ २,४०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ९६२. यातले पहिले तीन मिळून ३६,६३८ होतात. तोच तुझ्या स्लिपवरचा ग्रॉस. त्यातून तुझा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०८ वजा केले की ३४,०३० उरतात. एक रुपयाही इकडेतिकडे नाही.

म्हणजे ४०,००० आणि ३४,०३० यांच्यात जे ५,९७० रुपयांचं अंतर आहे, त्यातले ४,८०० तुझ्या नावावर जमा होताहेत. ९६२ रुपये सध्या कुणाच्याच खात्यात नाहीत. ती कंपनीने मनात धरलेली रक्कम आहे, आणि सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच तिच्यावर तुझा हक्क येतो. आणि २०८ रुपये मध्य प्रदेश सरकारला गेले, ते परत येणार नाहीत. घरच्यांना हे असंच सांग, कारण 'सहा हजार कापले' असं ऐकलं की आईवडिलांना वाटतं पोरीला फसवलं.

आता त्या ४,८०० रुपयांवर जरा थांबू. बावीस वर्षं मी पगारपत्रकंच करतोय, आधी पिथमपूरच्या कारखान्यांची आणि आता शहरातल्या आयटी कंपन्यांची. पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींचं सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहिलं आहे. आणि ते स्लिपकडे कितीही निरखून पाहिलं तरी दिसत नाही.

तुझ्या बेसिकच्या १२ टक्के म्हणजे २,४०० रुपये तुझ्याकडून. हे सगळेच्या सगळे तुझ्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जातात. कंपनीही तेवढेच २,४०० भरते, पण कंपनीच्या पैशाला दोन वाटा असतात. एक वाट पीएफ खात्याची, दुसरी पेन्शन योजनेची. पेन्शनकडे पगाराच्या ८.३३ टक्के जातात, पण त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० च धरतात, म्हणून पेन्शनचा वाटा महिन्याला १,२५० च्या वर कधी जात नाही. उरलेले पीएफमध्ये. पीएफ खात्यातल्या रकमेवर दरवर्षी व्याज मिळतं (२०२४-२५ सालासाठी ८.२५ टक्के होतं). पेन्शनच्या पैशावर तुझ्या नावे असं व्याज साठत नाही. ती वेगळी योजना आहे, तिचे नियम वेगळे.

मुद्दा असा आहे की तू पेन्शन योजनेत बसतच नाहीस. १ सप्टेंबर २०१४ पासून नियम बदलला. त्या तारखेनंतर जो पहिल्यांदा पीएफचा सभासद होतो आणि लागतानाच ज्याचा पीएफसाठी धरलेला पगार १५,००० पेक्षा जास्त असतो, त्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही. तुझं बेसिक २०,०००, नोकरी पहिलीच, म्हणून कंपनीचे पूर्ण २,४०० तुझ्या पीएफ खात्यातच जायला हवेत. पेन्शनच्या रकान्यात शून्य.

हे कुठे बिघडतं ते सांगतो. दर महिन्याला कंपनी पीएफच्या पोर्टलवर एक फाइल चढवते, तिला आम्ही ईसीआर म्हणतो. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे पीएफसाठीचा पगार आणि पेन्शनसाठीचा पगार वेगवेगळा लिहायचा असतो. तुझ्या नावापुढे पहिल्यात २०,००० आणि दुसऱ्यात ० यायला पाहिजे. पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा माणूस घालताना पेन्शनची खूण आपोआप लागलेली असते. ती काढायची असते, आणि घाईत राहून जाते. मग दुसऱ्या रकान्यात १५,००० जातात आणि महिन्याला तुझे १,२५० रुपये चुकीच्या खात्यात पडत राहतात. तुझ्या स्लिपवर मात्र तेच २,४००, तेच ३४,०३०. कुणालाही काही कळत नाही.

रामबागेतला आमच्या ओळखीचा एक मुलगा २०१८ साली एका कंपनीत लागला. बेसिक २२,०००. त्याचे स्वतःचे २,६४० व्यवस्थित जमा होत होते. कंपनीचे २,६४० मात्र १,३९० आणि १,२५० असे दोन ठिकाणी जात होते. ३१ महिन्यांनी त्याने नोकरी बदलली, जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात वळवायला अर्ज केला आणि तो अर्ज परत आला. शेरा होता की पेन्शनचा हप्ता भरलेला आहे पण सभासद पात्र नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याचं पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बेरजेला घेतला: १,२५० गुणिले ३१, म्हणजे ३८,७५० रुपये. जुन्या कंपनीतली ती पगार करणारी बाई तोवर सोडून गेली होती, नव्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. महिन्यामहिन्याचा तक्ता, कंपनीचं पत्र, मग पीएफ कार्यालयाकडून खात्यांची दुरुस्ती, या सगळ्यात आठ महिने गेले. त्याने दुसऱ्या महिन्यातच पासबुक उघडलं असतं तर एका ई-मेलचं काम होतं.

म्हणून तू आज हे कर. स्लिपवर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा बारा आकडी क्रमांक, छापलेला असेल, तो सुरू करून घे. मग passbook.epfindia.gov.in वर लॉगिन करून पासबुक उघड. त्यात प्रत्येक महिन्यासमोर तीन रकमा दिसतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा. तुझ्या बाबतीत त्या २,४००, २,४०० आणि ० अशा असल्या पाहिजेत. २,४००, १,१५० आणि १,२५० दिसल्या तर चूक झालीय. तेव्हा पगार विभागाला साधा मजकूर लिही: माझी ही पहिली नोकरी आहे, याआधी मी कधीही पीएफची किंवा पेन्शन योजनेची सभासद नव्हते, रुजू होताना माझा पीएफसाठीचा पगार २०,००० होता, तरी पेन्शनमध्ये जमा होतंय, कृपया पुढच्या ईसीआरमध्ये पेन्शनचा पगार शून्य करावा आणि आधीच्या महिन्यांची रक्कम खाते क्रमांक १० मधून खाते क्रमांक १ मध्ये वळवण्यासाठी पीएफ कार्यालयाला पत्र द्यावं. खाते क्रमांक १ म्हणजे पीएफ आणि १० म्हणजे पेन्शन. पगार करणाऱ्या माणसाला हे दोन आकडे दिसले की त्याला पुढचं समजावावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधी स्वतःशी तपासून घे. कॉलेजात असताना कुठे सहा महिने काम केलं होतंस का, जिथे पीएफ कापला गेला होता? कारण एकदा कमी पगारावर माणूस पेन्शन योजनेचा सभासद झाला की पुढे बेसिक वाढलं तरी तो सभासदच राहतो, आणि मग त्याचे १,२५० पेन्शनमध्ये जाणंच बरोबर असतं. रुजू होताना तू जो फॉर्म ११ भरलास, त्यात नेमकं हेच विचारलेलं असतं. बऱ्याच जणी सगळ्या चौकोनांत 'नाही' लिहून मोकळ्या होतात. जुनी नोकरी असेल तर ती लपवू नकोस, नाहीतर दोन यूएएन तयार होतात आणि ते जुळवत बसावं लागतं.

तुझा भाऊ किंवा मित्र पिथमपूरला कारखान्यात लागला असेल आणि त्याचं बेसिक १४,००० असेल, तर त्याचं पासबुक तुझ्यासारखं दिसणार नाही. त्याचे १,६८०, कंपनीचे पीएफमध्ये ५१४ आणि पेन्शनमध्ये १,१६६ असं दिसेल, आणि ते अगदी योग्य आहे. एकमेकांची पासबुकं जुळवून भांडायला जाऊ नका. काही कंपन्या बेसिक कितीही असलं तरी पीएफ १५,००० वरच धरतात आणि १,८०० कापतात. कायद्याला तेही चालतं.

पासबुकात ऑगस्ट लगेच दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. ऑगस्टच्या पगाराचा पीएफ कंपनीने १५ सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी नोंद उमटते, आणि पासबुकात वेतनाचा महिना आणि जमा झाल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला ऑगस्ट दाखवेल, दुसरा सप्टेंबर. पण ऑक्टोबर संपत आला तरी ऑगस्टची ओळच नाही आणि स्लिपवर मात्र २,४०० कापलेले, असं असेल तर ती उशिराची गोष्ट राहत नाही. पगारातून कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा मानतात. आधी कंपनीला लेखी विचार, उत्तर आलं नाही तर इंदूरच्या क्षेत्रीय पीएफ कार्यालयाकडे तक्रार करता येते.

दर महिन्याला लॉगिन करायचा कंटाळा येत असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या नंबरवर `EPFOHO UAN MAR` असा मेसेज टाक. शेवटच्या तीन अक्षरांमुळे उत्तर मराठीतून येतं. त्यात शेवटचा जमा हप्ता आणि एकूण शिल्लक कळते. पेन्शनचा रकाना पाहायला मात्र पासबुकच उघडावं लागतं.

प्रोफेशनल टॅक्सचं थोडक्यात सांगतो. हा केंद्राचा कर नाही, राज्याचा आहे, म्हणून तुझा आणि पुण्याच्या मावसभावाचा आकडा वेगळा. घटनेच्या कलम २७६ ने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि प्रत्येक राज्य ती रक्कम आपापल्या पद्धतीने बारा महिन्यांत बसवतं. महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. मध्य प्रदेशात वर्षाचा पगार ४ लाखांच्या वर असेल तर अकरा महिने २०८ आणि शेवटच्या महिन्यात २१२. दोन्हीकडे बेरीज २,५०० च. तुझा महिन्याचा ग्रॉस वर्षावर नेला तर ४,३९,६५६ होतो, म्हणून तू वरच्या टप्प्यात आलीस. ३ ते ४ लाखांमध्ये असतीस तर वर्षाला २,००० लागले असते, म्हणजे महिन्याला १६६ आणि शेवटी १७४. मार्चच्या स्लिपवर चार रुपये जास्त दिसले तर आता कारण तुला ठाऊक आहे. वडोदऱ्याला बदली झाली तर हाच आकडा २०० होईल, कारण गुजरातमध्ये महिन्याचा पगार १२,००० च्या वर गेला की सरळ २०० घेतात.

आता टीडीएस. तुझा शून्य बरोबर आहे, आणि या पगारावर तो शून्यच राहील. टीडीएस महिन्याच्या पगाराकडे पाहून ठरत नाही. कंपनी आर्थिक वर्षाचं, म्हणजे एप्रिल ते मार्चचं, तुझं एकूण उत्पन्न अंदाजते, त्यावर वर्षाचा कर काढते आणि तो उरलेल्या महिन्यांवर वाटते. तू काही कळवलं नसशील तर कंपनी नवी करप्रणाली धरते. तिच्यात २०२५-२६ साठी पगारातून आधी सरसकट ७५,००० वजा होतात. तुझं पूर्ण वर्षाचं धरलं तरी ४,३९,६५६ वजा ७५,००० म्हणजे ३,६४,६५६. पहिल्या ४ लाखांवर करच नाही. मग कापणार कशातून? या वर्षी तर तुझे नऊच महिने भरतात, म्हणजे उत्पन्न याहून कमी.

तू विचारलंस की पुढे एकदम कापतील का. तुझ्या बाबतीत नाही, पण तुझी जी मैत्रीण बेंगळुरूला महिना १ लाख २० हजार ग्रॉसवर तुझ्याबरोबरच जुलैत लागली, तिच्या बाबतीत हो. तिचाही टीडीएस आत्ता शून्य आहे असं तू लिहिलंस, आणि तेही बरोबर आहे. नऊ महिन्यांचे १०,८०,०००, त्यातून ७५,००० गेले की १०,०५,००० उरतात. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर टप्प्यांनुसार निघालेला कर सवलतीत पूर्ण माफ होतो, म्हणून शून्य. पण पुढच्या एप्रिलपासून तिची बारा महिन्यांची मोजणी सुरू होईल. १४,४०,००० वजा ७५,००० म्हणजे १३,६५,०००. याच दरांनी ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि वरच्या १,६५,००० वर १५ टक्के म्हणजे २४,७५०. बेरीज ८४,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ८८,१४०. बारा महिन्यांवर वाटला की महिन्याला ७,३४५. पगार तोच, काम तेच, आणि एप्रिलमध्ये हातात एकदम सात हजार कमी. दरवर्षी मे महिन्यात माझ्याकडे चार तरी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बिचाऱ्यांनी मार्चमध्येच मोटारसायकलचा हप्ता बांधून घेतलेला असतो.

याच्या उलट चूकही होते. पगार विभागाने नव्या मुलीची रुजू तारीख न पाहता महिन्याचा पगार सरळ बाराने गुणला, तर तिच्याकडून या वर्षीच महिन्याला हजारो रुपये कापले जातील, जे कापायलाच नको होते. ते ओळखायचं असेल तर स्लिपच्या मागे किंवा पोर्टलवर जो टॅक्सचा तक्ता असतो, तो उघडून 'वार्षिक उत्पन्न' म्हणून किती आकडा धरलाय ते पाहायचं. नऊ महिन्यांचा असायला हवा. बाराचा असेल तर लगेच सांगायचं, म्हणजे मार्चपर्यंतच्या महिन्यांत ते उलट जुळवून देता येतं. मार्च गेला की मग विवरणपत्र भरूनच परतावा मागावा लागतो.

टीडीएस कापला गेला असेल तर तो पीएफसारखा दर महिन्याला तुझ्या नावापुढे उमटत नाही. कंपनी तिमाहीचं विवरण भरते, त्यानंतर तो आयकर पोर्टलवरच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो. जुलै ते सप्टेंबरचा म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात शोधायचा. मैत्रिणीला सांग, एप्रिलची स्लिप आली की त्या ७,३४५ च्या आसपासचा आकडा पाहून ठेव, आणि जूनची तिमाही ऑगस्टमध्ये २६एएस मध्ये उतरली की तिन्ही महिन्यांची बेरीज स्लिपांशी लावून बघ. तू मात्र आजच पासबुक उघड आणि जुलैच्या ओळीतला तिसरा रकाना काय दाखवतो ते मला कळव. १,२५० दिसले तर पत्राचा मसुदा आपण बसून करू.